फोटोतली दुसरी रेघ

"रेघ ती रेघ. फिकी असली म्हणून काय झालं? फोटो काढा, मोठा करून बघा, थोडा उठाव द्या. दिसली की दिवस राहिले!" सल्ले देण्याची हौस असलेल्या एका गृहस्थांनी हे एका बारशात ठणकावून सांगितलं आणि चारजणींनी माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की लघवीत एचसीजी नसेल तर गर्भचाचणीच्या कार्डावर दुसरी रेघ येणारच नाही. तीस वर्षं लॅबमध्ये हीच कार्डं हाताळलेल्या मला ते ऐकून गप्प बसवेना.

रेघेला रंग चढायला एचसीजी लागतं. रेघ दिसायला मात्र लागतंच असं नाही. कार्डाच्या खिडकीतल्या पांढऱ्या पट्टीवर टीच्या जागी अँटीबॉडीचं द्रावण कारखान्यातच ओढून वाळवलेलं असतं, म्हणजे बिनरंगी रेघ तिथे आधीपासून आहेच. एचसीजी असेल तर सोन्याचे अतिसूक्ष्म कण त्याच्यासोबत वाहत येऊन तिथे अडकतात आणि ती गुलाबी होते. पट्टी ओली असते तोवर तिच्या छिद्रांत पाणी असतं आणि सगळा भाग सारखाच दिसतो. वाळताना छिद्रांत हवा शिरते. मग अँटीबॉडीचा पट्टा बाजूच्या भागापेक्षा वेगळा वाळतो, प्रकाश वेगळा परतवतो, कधी तिथे बारीक खोबणीसारखी खूणही दिसते. ही करडी रेघ गर्भाची नसते, वाळण्याची असते. म्हणूनच किटच्या कागदावर निकाल किती मिनिटांत वाचायचा ते छापलेलं असतं, बहुतेकदा पाच.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने पाळी दोन दिवस लांबल्यावर रात्री अकराला चाचणी केली. पाच मिनिटांनी एकच रेघ. सकाळी तिने तेच कार्ड कचऱ्याच्या डब्यातून काढून पूर्वेच्या खिडकीत धरलं, तर दुसरी रेघ! फोटो नणंदेकडे गेला, नणंदेने उठाव वाढवून सासूबाईंना दाखवला, दुपारपर्यंत पेढ्यांची भाषा सुरू झाली. कार्ड माझ्याकडे आलं तेव्हा मी ते टेबलावर ठेवून नुसतं पाव वळसा फिरवलं. तिरपं ऊन पट्टीच्या लांबीच्या दिशेने येत होतं तोवर आडव्या खोबणीची एक कड उजळत होती, दुसरीवर सावली पडत होती. कार्ड फिरवल्यावर ऊन खोबणीच्याच दिशेने वाहू लागलं आणि रेघ जवळजवळ नाहीशी झाली. खरा रंग असा फिरवून जात नाही. रक्तातलं बीटा एचसीजी पाचच्या खाली आलं आणि तिसऱ्या दिवशी पाळी आली. त्या तीन दिवसांत ती मुलगी किती रडली, हे त्या गृहस्थांनी पाहायला हवं होतं.

फोटोत हे कार्ड फिरवता येत नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे. शिवाय खिडकीच्या प्लास्टिकची कड उंच असते, तिची सावलीही रेघेसारखी पडते. गुलाबी चादरीवर कार्ड ठेवलं तर करड्या रेघेवर गुलाबी झाक येते. पिवळ्या दिव्याखाली उलटं होतं, खरी फिकी गुलाबी रेघच विरून जाते. फोन आपल्या अंदाजाने रंग बदलतो, कडा धारदार करतो. आणि फोटो पाठवताना लहान केला जातो तेव्हा उजेड-अंधाराचा तपशील बराच टिकतो, रंगाचा आधी कापला जातो. खरी रेघ ओळखायची ती रंगावरून, आणि नेमका तोच पुरावा वाटेत गळतो. मग उठाव वाढवून काय हाती लागणार? खोबणही वाढते, सावलीही वाढते.

पूर्वी लघवीतल्या साखरेच्या पट्टीवरूनही असाच वाद झाला होता. ठरलेली वेळ टळल्यावर पिवळ्या दिव्याखाली पट्टी तक्त्याशी जुळवायची आणि साखर वाढली म्हणून घर हादरवायचं. तेव्हाही मी म्हणत होते, घड्याळ आणि उजेड हे चाचणीचेच भाग आहेत. टीची रेघ सीपेक्षा किती गडद यावरून आठवडे मोजणं तर निव्वळ चूक आहे, सीची रेघ फक्त कार्ड चाललं एवढंच सांगते.

फिकी रेघ नेहमी खोटीच, असं मी म्हणत नाही. वेळेत उमटलेली, गुलाबी, सीइतकीच रुंद आणि खिडकीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत सलग रेघ फिकी असली तरी खरी धरावी. सकाळची पहिली लघवी घ्यावी, कागदावर सांगितले तेवढेच थेंब टाकावेत, ऊन थेट न येणाऱ्या दिवसाच्या उजेडात डोळ्यांनी वाचावं आणि नंतर कार्ड टाकून द्यावं. शंका राहिली तर ४८ तासांनी नवं कार्ड. सुरुवातीच्या दिवसांत एचसीजी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, त्यामुळे खरी रेघ बहुधा गडद झालेली दिसते. पोटात एका बाजूला दुखत असेल किंवा रक्त जात असेल तर मात्र ४८ तास थांबायचं नाही. गर्भ नलिकेत अडकला असेल तरीही एचसीजी कमी राहून रेघ फिकी येऊ शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.