बेंगळूरचे सहा की बेळगावचे तीन?

व्हीटीयूचा शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की ओळखीच्या घरांतून ऑफर लेटरचे फोटो माझ्या फोनवर यायला लागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: बेंगळूर की इथेच? पण विचारायच्या आधीच उत्तर ठरलेलं असतं, कारण आकडा मोठा तिकडचा.

यंदाचंच उदाहरण घ्या. शेजारच्या काकूंचा मुलगा कॉम्प्युटर सायन्सचा. बेंगळूरच्या एका मोठ्या कंपनीचं पत्र सहा लाखांचं, आणि उद्यमबागेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं तीन लाखांचं. आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

सहा लाख हा सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा खर्च. त्यात 60 हजार व्हेरिएबल होते. ते वर्षाच्या शेवटी, कंपनीचं आणि तुमचं काम बघून मिळतात. कधी अर्धेच मिळतात. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता मिळून आणखी 50 हजार. उरले 4 लाख 90 हजार, म्हणजे महिन्याला 40,800. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात साधारण 38 हजार. बेळगावच्या पत्रात व्हेरिएबल नव्हतं. तिथे हातात 21 हजारांच्या थोडं वर.

आता खर्च. बेंगळूरला दोघांत एक खोली असलेला पीजी, दुपारचं जेवण, मेट्रो-बस, महिन्यातून एकदा घरी यायची स्लीपर बस, किरकोळ, असं धरून आम्ही 24 हजार लिहिले. बेळगावात घरीच राहायचं. आईच्या हातात पाच हजार आणि पेट्रोल धरून दहा. शिल्लक तिकडे 14, इकडे 11. दुप्पट पगाराचा फरक तीन हजारांवर आला. (मित्रांबरोबर फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर डिपॉझिटचेच कित्येक महिन्यांचं भाडं आधी मोजावं लागतं, ते वेगळंच.)

म्हणजे बेळगावच घ्यावं असं नाही. खरा फरक पहिल्या नोकरीत दिसत नाही, दुसरीत दिसतो. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या नवा पगार जुन्या पगारावर टक्के चढवून ठरवतात आणि सॅलरी स्लिप मागतात. तीन लाखांवर 30 टक्के म्हणजे 3 लाख 90 हजार. सहावर 7 लाख 80 हजार. शिवाय बेंगळूरला कंपनी बदलली तरी खोली तीच राहते. बेळगावात आपल्या कामाच्या कंपन्या मोजक्या, त्यामुळे नोकरी बदलायची म्हणजे बहुधा गावच बदलायचं. ही किंमत कागदावर कुठेच नसते.

ती भरून निघते ती फक्त कामाने. म्हणून मी त्याला दोन्ही ठिकाणी फोन करून तेच विचारायला सांगितलं: मला कुठलं काम मिळणार, आणि मी लिहिलेला कोड कोण तपासणार?

बेंगळूरहून उत्तर आलं की ट्रेनिंगनंतर 'बिझनेसच्या गरजेप्रमाणे' प्रोजेक्ट मिळेल. यात खोटं काही नाही. पण याचा अर्थ चांगला प्रोजेक्टही लागू शकतो, बेंचवर चार महिनेही जाऊ शकतात, किंवा सपोर्टमध्ये रात्रपाळीने तिकिटं बंद करत दोन वर्षं. तिथे पोचेपर्यंत कळत नाही. पत्रात जॉइनिंगची तारीखही नव्हती, 'नंतर कळवू' एवढंच.

उद्यमबागेतली कंपनी फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी सॉफ्टवेअर करते. मशीनच्या पीएलसीमधून आकडे घ्यायचे आणि कुठलं मशीन किती वेळ थांबलं ते मालकाला दाखवायचं. चौदा जण काम करतात. कोड तपासणारे एक सर आहेत, नऊ वर्षं तिथेच. सॉफ्टवेअर अडलं तर दुचाकीवरून ग्राहकाच्या शॉपमध्ये जायचं. असं काम बावीस वर्षांच्या मुलाला बेंगळूरमध्ये सहसा कोणी देणार नाही, आणि पुढच्या मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं.

हेच उत्तर "तूच सगळं बघायचं, वर कोणी नाही" असं आलं असतं, किंवा कंपनी एकाच परदेशी ग्राहकावर चालत असती, तर मी त्याला बेंगळूरची बस धरायला सांगितलं असतं. छोट्या गावात चुकीच्या सवयी लागल्या तर त्या दाखवणारं शेजारी कोणी नसतं.

मग आम्ही बाँडचं कलम वाचलं. दोन वर्षांच्या आत सोडल्यास 75 हजार, आणि मूळ मार्कशीट कंपनीकडे. त्याने एक वर्षाचा बाँड आणि मार्कशीटच्या फक्त प्रती, असं लेखी मागितलं. मालकांनी प्रती लगेच मान्य केल्या. बाँड दीड वर्षावर आला.

त्याने सही केली. काकूंना मात्र नातेवाइकांना सांगायला अजून सहाचाच आकडा आवडतो.