दिवा सेन्सरचा, दुखणे भलतीकडेच!

मोटारसायकलच्या मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचा कोड येतो आणि ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल’ असे सांगून दोन-तीन हजारांचे बिल हातात पडते. महिनाभराने दिवा पुन्हा लागतो. हा अनुभव आता अनेकांना येत आहे. माझे म्हणणे असे की, कोड दाखवला म्हणून सेन्सर बदलणे ही दुरुस्ती नव्हे. सेन्सर बहुतेक वेळा दुखणे सांगत असतो. त्यालाच काढून टाकले तर दुखणे राहते तिथेच आणि पुढे सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो.

या दोघांचे नाते काय?

१ एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शनने घेतली. सायलेन्सरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला एक गाभा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल तो जाळतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो. ही दोन्ही कामे एकाच वेळी जमण्यासाठी इंजिनातले मिश्रण अगदी नेमके लागते. शुद्ध पेट्रोलच्या बाबतीत ते वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा असे असते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते.

हे प्रमाण सांभाळण्यासाठी इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडले असेल, तर तो 0.1 व्होल्टच्या आसपास दाखवतो. पेट्रोल जास्त झाले असेल तर 0.9 व्होल्टच्या आसपास. त्याप्रमाणे ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. गरम इंजिनात हा आकडा सतत वर-खाली होत राहतो. तो हलत असेल तर सेन्सर जिवंत आहे, असे समजावे.

यात एक मर्यादा आहे. सेन्सरला मोजता येतो तो फक्त ऑक्सिजन. तो इंजिनातून आला की बाहेरून, हे त्याला कळत नाही. पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

एक उदाहरण पाहू

समजा, 150 सीसीची एक बीएस-6 गाडी आहे. लिटरला 48 किलोमीटर ॲव्हरेज देणारी. इंजिनाच्या एका कामासाठी बेंड पाइप काढला आणि परत बसवताना इंजिन व पाइप यांच्यामधले जुने, दबलेले गॅस्केटच पुन्हा लावले. नट कसले, गाडी सुरू झाली, आवाजही फारसा वाढला नाही.

एका सिलिंडरच्या इंजिनात धूर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यानंतर पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी गॅस्केटच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि थेट सेन्सरपाशी पोहोचते. सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसतो. तो ईसीयूला कळवतो की पेट्रोल कमी पडते आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो. हवा येतच राहते, म्हणून तो आणखी वाढवतो. ठरलेल्या मर्यादेपर्यंत वाढवूनही सेन्सरचा आकडा खालीच राहिला की दिवा लागतो आणि कोड नोंदला जातो. तो बहुधा P0131 असतो, म्हणजे सेन्सरचे व्होल्टेज कमी.

मालकाला दिसते ते असे. ॲव्हरेज 48 वरून 38 वर येतो. प्लग काढून पाहिला तर टोक काजळीने काळे. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास. वेगात असताना थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला साधारण साडेपाच लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला 100 रुपये धरले तरी दरमहा साडेपाचशे रुपये.

आता सेन्सर बदलला तर काय होईल? कोड पुसला जाईल, दिवा विझेल, मालक समाधानाने घरी जाईल. फट मात्र तशीच. नवा सेन्सर तेच खरे-खोटे सांगू लागेल आणि दिवा परत लागेल. दुखणे होते काही रुपयांच्या गॅस्केटचे.

अशा वेळी अनेकजण इथेनॉलकडे बोट दाखवतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज थोडा घटतो, हे खरे. पण ती घट काही टक्क्यांची असते. 48 वरून 38 म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक. एवढी घट दिसली तर कारण गाडीतच शोधायला हवे.

कन्व्हर्टर कसा मरतो?

या उदाहरणातली गाडी तशीच चालवत राहिलो तर खरा मोठा खर्च पुढे असतो. धुरात न जळलेले पेट्रोल आहे आणि फटीतून आलेली हवाही आहे. दोन्ही कन्व्हर्टरच्या तापलेल्या गाभ्यात एकत्र येतात आणि तिथेच जळू लागतात. गाभा प्रमाणाबाहेर तापतो. धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि काम करणारा पृष्ठभाग कमी होतो. उष्णता आणखी वाढली तर गाभाच वितळून छिद्रे बुजतात.

मिसिंग करणारी गाडी दामटत राहिल्यानेही हेच घडते. स्पार्क तपासण्यासाठी चालू इंजिनाची प्लगची कॅप काढायची गॅरेजमधली जुनी सवयही इथे घातक आहे. कार्ब्युरेटरच्या काळात ती खपून गेली. इंजेक्शनच्या गाडीत ठिणगी नसतानाही इंजेक्टर पेट्रोल फवारत राहू शकतो आणि ते सगळे सायलेन्सरमध्ये जाते. गाडी सुरू होत नसताना मिनिटामिनिटाने स्टार्टर मारत राहणेही तसेच. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधली रसायने राखेच्या रूपाने सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांवरही बसतात. सेन्सर-सेफ नसलेला सिलिकॉन सीलंट वापरला तर त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर चढवते. अशा वेळी मात्र सेन्सर खरोखरच मरतो.

कन्व्हर्टर जात असल्याच्या खुणा वेगळ्या असतात. छिद्रे बुजू लागली की गाडी जागेवर छान चालते, गावातल्या वेगात काही जाणवत नाही, पण चढावर किंवा हायवेवर थ्रॉटल पूर्ण दिला तरी ती पुढे सरत नाही. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वाटते, कारण धुराला बाहेर पडायला वाट नसते. गाभा फुटला असेल तर इंजिन थंड असताना सायलेन्सरवर रबरी हातोडीने हलके ठोकल्यास आत खुळखुळ ऐकू येते. गाभा शाबूत पण वरचा थर निकामी झाला असेल तर चालवताना काहीच कळत नाही. अशा गाडीत धूर मात्र विषारी होतो, आणि तो पीयूसीत पकडला जाईलच असे नाही. पेट्रोल दुचाकीची पीयूसी गाडी उभी असताना होते. तीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. म्हणून ‘पीयूसी पास झाली म्हणजे कन्व्हर्टर ठीक’ हा निष्कर्ष काढता येत नाही.

सेन्सर खरोखर गेला, हे कसे ओळखावे?

तपासणीला अर्धा तास पुरतो, पण क्रम पाळावा लागतो. आधी थंड इंजिनावर बेंड पाइपच्या सांध्याभोवती आणि सेन्सरच्या बुडाशी काजळीचे काळे पट्टे आहेत का पाहावे. असतील तर तिथून गळती आहे. गॅस्केट नवे टाकावे आणि मगच पुढे जावे. त्यानंतर सेन्सरची वायर पाइपला टेकून वितळली नाही ना, कनेक्टरमध्ये पाणी किंवा हिरवट गंज नाही ना, हे बघावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि प्रेशर वॉशिंगनंतर हे कारण नेहमीचे आहे.

हे सगळे ठीक असेल तर इंजिन चांगले तापवून स्कॅनरवर किंवा चांगल्या डिजिटल मल्टिमीटरवर सेन्सरचा आकडा पाहावा. सुमारे 300 अंशांखाली सेन्सर काम करत नाही, त्यामुळे थंड गाडीवरचे मोजमाप व्यर्थ. आकडा 0.1 ते 0.9 च्या दरम्यान भराभर हलत असेल तर सेन्सर निर्दोष आहे. तो एका जागी अडकला असेल तर हवा आत जाण्याचा मार्ग क्षणभर थोडा झाकून मिश्रण मुद्दाम घट्ट करावे. आकडा झटकन वर गेला तर सेन्सर जिवंत आहे, दोष दुसरीकडे आहे. काहीही केले तरी तो हललाच नाही, तरच सेन्सर बदलावा. P0135 हा कोड मात्र सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटचा आहे. तिथे फ्यूज आणि वायर ठीक असून हीटरची तारच तुटलेली निघाली तर बदलण्यावाचून इलाज नाही.

सेन्सर बंद पडला तरी गाडी बंद पडत नाही. ईसीयू मग साठवलेल्या ठोकळ आकड्यांवर पेट्रोल देतो. ‘चालतेय ना, मग चालू दे’ असे म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष केले जाते ते याच सोयीमुळे. काहीजण तर दिवा घालवण्यासाठी सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल देणारा तुकडा बसवतात किंवा कन्व्हर्टरच कापून काढतात. त्याने आवाज वाढतो. मात्र इंधन-हवेचे गणित आंधळे होते आणि मागच्या गाडीवर बसलेल्या लहान मुलाच्या नाकात सगळा धूर जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असे परस्पर बदल करता येत नाहीत.

पण सगळा दोष मालकाच्या माथी मारणेही बरोबर नाही. स्कॅनर सर्व्हिस सेंटरच्या हातात असतो आणि ग्राहकाला दिसतो तो फक्त बिलाचा आकडा. सेन्सर बदलण्याच्या प्रत्येक बिलावर मिळालेला कोड, गळतीची तपासणी केली की नाही आणि जुन्या सेन्सरचे गरम इंजिनावरचे व्होल्टेज, या तीन नोंदी कंपन्यांनी बंधनकारक कराव्यात. जुना भाग ग्राहकाला परत द्यावा. तोवर दिवा लागला की मालकाने एवढेच विचारावे, ‘गळती पाहिलीत का, आणि आकडा किती आला?’ उत्तर मिळाले नाही तर सेन्सरचे पैसे देण्याआधी गॅस्केटचे द्यावेत.