खडा पुन्हा पुन्हा होतो? तो फेकू नका, तपासा

वस्तीत कुणाला मुतखडा झाला की "पाणी कमी पितोस" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण खडा लहान वयातच झाला, काढल्यावर पुन्हा झाला किंवा भावाबहिणीलाही झाला, तर कारण जन्मजात असू शकते. अशा एका आजाराचे नाव सिस्टिन्युरिया.

यात मूत्रपिंडे सिस्टीन नावाचा प्रथिनांतला घटक रक्तात परत घेत नाहीत. तो लघवीत उतरतो, नीट विरघळत नाही आणि त्याचे खडे होतात. बहुधा आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेले असते. त्यांना स्वतःला त्रास नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न होते त्या घरांत ती भीती जास्त. म्हणून एकाला निघाला तर सर्व भावंडांची तपासणी करा.

सकाळच्या पहिल्या लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली सहा बाजूंचे चपटे स्फटिक दिसले, तर निदान जवळजवळ पक्के. ते दिसले नाहीत म्हणून आजार नाही, असे मात्र नव्हे. यासाठी लघवी गाळून पडलेला खडा जपून ठेवा आणि तो कशाचा आहे हे प्रयोगशाळेत तपासून घ्या.

समजा, माणमधून चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या एका तरुणाच्या लघवीत दिवसाला 750 मिलिग्रॅम सिस्टीन जाते. एक लिटर लघवीत साधारण 250 मिलिग्रॅमच विरघळते. म्हणजे त्याला रोज किमान तीन लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी साडेतीन-चार लिटर पाणी लागेल, भट्टीजवळ काम असेल तर आणखी. झोपताना दोन ग्लास प्यायचे, रात्री एकदा उठून पुन्हा प्यायचे, कारण रात्रीच लघवी घट्ट होते. लोणचे, पापड, सुकट कमी करायचे; मिठाने सिस्टीन वाढते. मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असेल, तर पाण्याचे माप डॉक्टरांनीच ठरवावे.

एवढ्याने भागले नाही, तर लघवीची आम्लता कमी करणारे पोटॅशियम सायट्रेट देतात. त्यापुढची पायरी पेनिसिलामाइन किंवा टायोप्रोनिन. ही थायोल औषधे सिस्टीनला धरून सहज विरघळणारे रूप देतात. मात्र अंगावर पुरळ, रक्तपेशी कमी होणे, लघवीतून प्रथिने जाणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून रक्त-लघवीची तपासणी नियमित हवी.

माझे म्हणणे एवढेच: या रोगात पाणी हे औषध आहे, आणि संडास त्या औषधाचा भाग आहे. पाळीत लघवीला सोडत नाहीत म्हणून पाणी टाळणारा कामगार आणि रात्री सार्वजनिक संडासाला जायच्या भीतीने तहान मारणारी बाई, यांना "पाणी प्या" सांगून काय उपयोग? कारखान्यात पिण्याचे पाणी आणि मुताऱ्यांची सोय कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या आणि ती सुपरवायझरच्या हाती द्या. वस्तीतल्या संडासात रात्री दिवा आणि पाणी असावे, ही मागणीही या रोगावरच्या उपचारातच मोडते.