काय लक्षात राहिले?

साकोली तालुक्यातील एकोडीत धान उत्पादकांच्या एका मेळाव्यासाठी दादाजी खोब्रागडे यांचा परिचय लिहिला गेला. पत्रिकेच्या मागच्या बाजूला तो छापायचा होता. मसुदा आयोजकांनी वाचला, सगळ्यांना आवडला. मग कुणीतरी तो एसटीच्या थांब्यावर बसलेल्या एका अनोळखी माणसाला वाचायला दिला. वाचून झाल्यावर कागद परत घेतला आणि विचारले, काय लक्षात राहिले? तो म्हणाला, ‘नांदेडचे कुणी होते, घड्याळाच्या कंपनीत होते आणि शेतीही करायचे.’

या उत्तराचा धागा मसुद्यातूनच आलेला आहे आणि उत्तर मात्र चुकीचे आहे. ‘माणसाने नीट वाचले नाही’ असे म्हणून ते झटकणे सोपे. पण पत्रिका नीट वाचतो कोण? परिचय एकदाच वाचला जातो, तोही उभ्या उभ्या. त्या एका वाचनात जे पोहोचले तेवढाच परिचय. बाकीचे कागदावर राहिले.

मसुद्याचे पहिलेच वाक्य असे होते: ‘नांदेड येथील थोर, प्रयोगशील व बहुआयामी व्यक्तिमत्त्व, एचएमटी या घड्याळाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या धानाचे जनक दादाजी खोब्रागडे यांनी प्रतिकूल परिस्थितीवर मात करत कृषी क्षेत्रात अमूल्य योगदान दिले.’ यात खोटे काही नाही. तरी वाचणारा नेमका कुठे घसरला ते सहज दाखवता येते.

पहिली चूक नांदेडची. हे नांदेड चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातले खेडे आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोक्यात मात्र नांदेड म्हणजे मराठवाड्यातले शहर. ते आधीपासून तिथे बसलेले आहे. खेड्याला तिथे जागा मिळवायची असेल तर नागभीड आणि चंद्रपूर ही नावे आधी यायला हवीत. लिहिणाऱ्याला गाव माहीत होते, म्हणून त्याला ही अडचण दिसलीच नाही. ओळखीच्या माणसांनाही दिसली नाही. ती फक्त अनोळखी माणसालाच दिसते.

दुसरी चूक घड्याळाची, आणि तीच अधिक बोलकी आहे. वाक्यात घड्याळ आधी आले, धान नंतर. घड्याळ डोळ्यासमोर उभे राहते. ‘जनक’ आणि ‘योगदान’ उभे राहत नाहीत. वाचणाऱ्याने हाती लागलेल्या एकमेव वस्तूभोवती माणूस रचला. एचएमटी ही घड्याळांची कंपनी, म्हणजे माणूस कंपनीतला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रिमेंबरिंग’ या पुस्तकात हेच नोंदवले आहे. त्यांनी इंग्रज वाचकांना अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून सांगायला लावली. सांगताना कथेतल्या अपरिचित गोष्टी गळत गेल्या किंवा ओळखीच्या होत गेल्या. तिथली लांबट होडी साधी नाव झाली. वाचणारा रिकाम्या जागा आपल्याजवळच्या सामानाने भरतो. आपण जागा रिकाम्या ठेवल्या तर त्या तो भरणारच.

म्हणून ही चाचणी दिसते तितकी भाबडी नाही, आणि तिची रीतही नेमकी आहे. मसुदा एकदाच, त्याच्या वेगाने वाचू द्यावा. कागद परत घ्यावा. मग अर्धा मिनिट दुसरेच काहीतरी बोलावे: साकोलीची गाडी किती वाजता, पाऊस कुठवर आला. या अर्ध्या मिनिटाला कारण आहे. वाचून संपताच विचारले तर शेवटची ओळ कानात घुमत असते आणि ती तशीच बाहेर येते. ग्लॅन्झर आणि क्युनिट्झ या संशोधकांनी १९६६ साली शब्दांच्या यादीवर हे तपासले. यादी संपल्यावर तीस सेकंद माणसाला आकडे मोजत ठेवले, तर शेवटच्या शब्दांना मिळणारा फायदा जवळजवळ नाहीसा होत होता. आपल्याला हवे ते त्यानंतर उरलेले.

त्यानंतर प्रश्न एकच, ‘काय लक्षात राहिले?’ ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. त्यावर ‘छान आहे’ हेच उत्तर येते आणि त्यातून काही कळत नाही. ‘पुरस्काराचे लक्षात आहे का?’ असेही विचारू नये; विचारणाऱ्याने आठवण करून दिलेली गोष्ट आठवणीत मोजता येत नाही. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच क्रमाने लिहून घ्यावे. चुकले तरी दुरुस्त करू नये. अगदी शेवटी एवढेच विचारावे, ‘हा माणूस काय करत होता?’ एका माणसाला एकदाच विचारता येते. दुरुस्त केलेला मसुदा पुन्हा त्यालाच दिला, तर तो आता अनोळखी राहिलेला नसतो. पाच-सहा जणांत तीच तीच उत्तरे यायला लागतात. तिथे थांबावे.

एकोडीसारख्या ठिकाणी आणखी एक काळजी घ्यावी लागते. हा धानाचा मुलूख. इथल्या शेतकऱ्याला एचएमटी माहीत असते, अनेकांना दादाजींचे नावही. थांब्यावरचा दुसरा वाचक शेतकरी होता. त्याने सांगितले, ‘फार बारीक दाणा, शिजल्यावर चव चांगली.’ आयोजकांना वाटले, मसुदा पोहोचला. पण मसुद्यात दाण्याचा आणि चवीचा उल्लेखच नव्हता. हे त्याचे स्वतःचे ज्ञान होते, कागदाने दिलेले नव्हे. मसुद्यात नसलेली गोष्ट उत्तरात आली की ते उत्तर बाजूला ठेवावे आणि बदलून आलेला बँकेतला कर्मचारी, औषधांच्या दुकानातला मुलगा, सुट्या भागांचा फिरता विक्रेता अशांकडे जावे. माणूस आपल्याला अनोळखी असून भागत नाही. विषयही त्याला अनोळखी हवा.

उत्तरे समोर ठेवली की तीन प्रकार वेगळे होतात. काही विशेषणे कुणालाच आठवली नाहीत: थोर, प्रयोगशील, बहुआयामी, अमूल्य. ती कुणाच्याही परिचयात चालतात, म्हणून याच्या परिचयात टिकत नाहीत. ती काढावीत. काही नावे आठवली पण उलटीपालटी: नांदेड, घड्याळ. ती काढायची नाहीत, त्यांची जागा बदलायची. तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, आणि तो उत्तरांत सापडतच नाही, कारण तो मसुद्यातच नसतो. दादाजींनी नेमके केले काय, हे त्या पहिल्या वाक्यात कुठेच नव्हते. ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’ या शब्दांखाली ते गाडले गेले होते.

त्यांनी केले ते असे. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना इतरांहून वेगळ्या, पिवळसर दाण्याच्या तीन लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि दर हंगामात निवड करत वाण स्थिर केला. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे, जमीन जेमतेम दीड एकर. घड्याळाचा संबंध एवढाच की त्या काळी एचएमटीचे घड्याळ लोकप्रिय होते आणि बाजारात या धानाला त्याचे नाव पडले.

इथे आयोजकांत मतभेद झाला. घड्याळ सगळ्यांच्या लक्षात राहते, मग परिचयाची सुरुवातच त्याने करावी, असे काहींचे म्हणणे होते. या चाचणीत फसगत होते ती याच ठिकाणी. काय टिकते एवढेच चाचणी सांगते. काय टिकायला हवे ते ती सांगत नाही. ते लिहिणाऱ्याने आधी ठरवायचे असते, आणि मसुदा कुणालाही देण्यापूर्वी एका वाक्यात लिहून ठेवायचे असते. इथे ते वाक्य असे: ‘या शेतकऱ्याने आपल्याच बांधीतल्या तीन लोंब्यांतून नवे धान तयार केले.’ उत्तरे या वाक्याशी ताडून पाहायची. घड्याळ सर्वांना आठवले आणि लोंब्या कुणालाच नाहीत, तर मसुदा नापास. मग तो कितीही लक्षात राहिलेला असो.

सुधारलेला मसुदा असा झाला: ‘चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे दीड एकर शेती करत. १९८३ साली त्यांना धानाच्या बांधीत तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, हंगामामागून हंगाम निवडून पेरल्या. त्यातून बारीक दाण्याचे नवे धान तयार झाले. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून बाजारात त्याला एचएमटी म्हणू लागले. २००५ साली राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.’

गौरवाचे एकही विशेषण नाही. घड्याळ आहे, पण धानानंतर. नव्या वाचकांना हा मसुदा दिला तेव्हा आडनाव बहुतेकांना सांगता आले नाही, सालेही निसटली. त्याची चिंता नको. नाव फलकावर असते, साल शोधता येते. ‘तीन लोंब्या’ मात्र परत आल्या. औषधांच्या दुकानातल्या मुलाने उलट प्रश्न केला: ‘बाकीचे धान कापून टाकताना त्यांनी तेवढ्याच कशा ओळखल्या?’ परिचय पोहोचल्याची याहून पक्की खूण नाही. वाचणारा माणसाच्या कामाविषयी विचारू लागला.

आपल्याकडे सत्कार, संमेलने, प्रचारपत्रके, पुस्तकांची मलपृष्ठे यांवर दरवर्षी असे असंख्य परिचय छापले जातात. ते वाचून दाखवले जातात ते लिहिणाऱ्याच्या मित्रांना आणि ज्याचा परिचय त्याच्या घरच्यांना. या दोघांनाही माणूस आधीपासून माहीत असतो, म्हणून कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही हे त्यांना कळूच शकत नाही. त्यांची पसंती घ्यावी; नावे, साले, तपशील त्यांच्याकडून तपासून घ्यावेत. पण परिचय पास की नापास हे त्यांना ठरवू देऊ नये.

पत्रिका छापखान्यात देण्यापूर्वी थांब्यावर जावे. माणसाला ओळखत नाही आणि विषयालाही ओळखत नाही अशा कुणाला तरी मसुदा एकदा वाचू द्यावा, आणि तो जे सांगेल ते निमूटपणे लिहून घ्यावे. त्याने चुकीचे सांगितले, तर दुरुस्त करायचे ते आपले वाक्य.