साठ फॉर्म, एकशे एकोणीस खुणा

प्रकल्पांचे दिवस आले की शाळेशाळेत सर्वेक्षणाचे फॉर्म फिरू लागतात. वसई-विरारमध्ये विषय शोधावा लागत नाही. तो पाण्याचाच निघतो. सूर्या प्रादेशिक योजनेत या शहराचा वाटा रोज १८५ दशलक्ष लिटरचा ठरलेला आहे. तरी नालासोपाऱ्याच्या इमारतीत टँकर दिसतो, आगाशी-निर्मळच्या पट्ट्यात बावखल आणि विहीर दिसते आणि पिण्यासाठी विकतचा जार सगळीकडेच दिसतो. नववीची मुले घरोघरी जाऊन फॉर्म नीट भरून आणतात. घोळ सुरू होतो तो वर्गात परतल्यावर, ताळ्याच्या खुणा करून मोजणी करताना. तेव्हा यंदा बोलू या ते या मोजणीवरच.

चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी, म्हणजे एक जुडी, हे मुलांना ठाऊक असते. पाचच का, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८७१मध्ये स्वतःवरच एक प्रयोग केला. मूठभर घेवड्याचे दाणे खोक्यात टाकायचे आणि न मोजता, एका नजरेत संख्या सांगायची. तीन-चार दाण्यांपर्यंत ते एकदाही चुकले नाहीत; पाचापासून चुका होऊ लागल्या आणि पुढे त्या वाढत गेल्या. म्हणजे चार रेघा डोळ्याला मोजाव्या लागत नाहीत, पाच उभ्या रेघा मोजाव्या लागतात. तिरकी रेघ ती अडचण दूर करते. म्हणून मुलाने पाच उभ्या काढून त्यांवर सहावी तिरकी मारली की जुडी दिसायला बरोबर वाटते आणि आत एक खूण जास्त दडते. वहीत सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच.

आता एक तक्ता घेऊ. आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. ६० कुटुंबांना विचारले: पिण्याचे पाणी मुख्यतः कुठून येते? उत्तर एकच द्यायचे. नळापुढे सहा जुड्या आणि चार सुट्या खुणा, जारपुढे तीन जुड्या आणि दोन सुट्या, विहीर-बोअरपुढे एक जुडी आणि एक सुटी, ‘उत्तर नाही’पुढे तीन सुट्या. प्रत्येक ओळीची बेरीज ३४, १७, ६ आणि ३. ती तशीच न जोडता मुलांना दुसऱ्या वाटेनेही करायला लावा: सगळ्या जुड्या मिळून १०, म्हणजे ५०, सगळ्या सुट्या मिळून १०, एकूण ६०. दोन्ही वाटांनी ६० आले आणि हातात फॉर्मही ६० आहेत, म्हणजे ताळा जुळला. ‘उत्तर नाही’ची ओळ वगळली असती तर बेरीज ५७ आली असती आणि तीन फॉर्म कुठे गेले याचा शोध उगाच घ्यावा लागला असता.

ताळा जुळला नाही, तर फरकच पुष्कळदा चूक कुठे आहे ते सांगतो. बेरीज पाचाने कमी असेल तर एखादी जुडी मोजायची राहिली. चाराने कमी असेल तर कोणीतरी जुडीला एकच धरले. एकाने कमी असेल तर सहा रेघांची जुडी किंवा वाचायचा राहिलेला फॉर्म शोधा. पण नळाची खूण जारच्या ओळीत पडली तर बेरीज ६०च राहते, ताळा जुळतो आणि चूक तशीच राहते. ती पकडायला दुसऱ्या जोडीने पहिला तक्ता न पाहता स्वतंत्र मोजणी करणे, एवढाच उपाय आहे. जोडीत एकाने फॉर्म वाचावा, दुसऱ्याने उत्तर मोठ्याने परत म्हणून रेघ मारावी आणि वाचलेल्या फॉर्मच्या कोपऱ्यात टिक करावी. फॉर्म वीस-वीसच्या गठ्ठ्यांत मोजले तर ताळा चुकल्यावर वीसच फॉर्म पुन्हा पाहावे लागतात, साठ नाही.

खरे तर एकच उत्तर असलेल्या प्रश्नाला खुणांची गरजही नसते. फॉर्मचे ढीग करा आणि ढीग मोजा. चुकीच्या ढिगातला फॉर्म वर काढून दाखवता येतो, चुकीच्या ओळीतली रेघ दाखवता येत नाही. आपल्या जनगणनेनेही हाच धडा घेतला. आधीच्या जनगणनांत कारकून तक्त्यांवर खुणा करत. १९०१पासून प्रत्येक माणसाची माहिती एका चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठ्यांचे ढीग लावण्याची पद्धत आली.

मग खुणांचे खरे काम कुठे? जिथे कागदाचा ढीग होऊ शकत नाही तिथे. ‘गेल्या महिन्यात कोणकोणते पाणी वापरले? लागू असेल तिथे सगळीकडे टिक करा,’ या प्रश्नाचा फॉर्म एका वेळी दोन ढिगांत ठेवता येत नाही. त्याच ६० फॉर्मांत नळाला ४७, टँकरला २९, विहीर-बोअरला १८ आणि जारला २५ खुणा मिळाल्या असे समजा. बेरीज ११९. मुले इथे घाबरतात आणि काही जण फॉर्मांशी जुळवण्यासाठी खुणा खोडूही लागतात. ताळा हरवलेला नसतो; तो दुसरीकडे शोधायचा असतो. शेजारी आणखी एक तक्ता आखा: या फॉर्मवर टिका किती? शून्य टिकांचे ३ फॉर्म, एका टिकेचे १४, दोनांचे २६, तीनांचे १५, चारांचे २. फॉर्मांची बेरीज ६० येते. आणि १४, ५२, ४५ व ८ मिळून टिका ११९ येतात. दोन्ही तक्ते एकमेकांना जामीन राहतात.

यापुढची चूक मोजणीची नाही, भागाकाराची आहे, आणि तीच प्रदर्शनाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत चढते. टँकरच्या २९ खुणांना ११९ने भागले तर २४ टक्के येतात आणि फलक म्हणतो की टँकरवर पाव वस्ती आहे. उत्तर देणारी कुटुंबे ५७. त्यांनी भागले तर ५१ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त कुटुंबांनी महिन्याभरात टँकरचे पाणी वापरले. खुणांचे टक्के काढले की बेरीज शंभर होते, वर्तुळालेख सुबक दिसतो आणि निष्कर्ष अर्ध्यावर येतो. कुटुंबांचे टक्के काढले की बेरीज शंभराच्या खूप वर जाते. तिथे वर्तुळालेख काढायचा नसतो, स्तंभालेख काढायचा असतो.

शाळांचे सर्वेक्षण प्रकल्प आम्ही दरवर्षी छापतो. यंदापासून लेखासोबत ताळ्याच्या खुणांचा मूळ कागद आणि दुसऱ्या जोडीचा कागद, दोन्हींचे फोटो पाठवावेत. प्रत्येक टक्केवारीखाली ती कितींपैकी आहे हे लिहावे. दोन कागदांत फरक असेल तर तो खोडू नका. कुठे पडला आणि कसा सापडला, हेच वाचायला आम्हाला आवडेल.