एका प्लेटमध्ये शाळेच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी

परभणी शहरात काय किंवा जिंतूर, सेलू, गंगाखेडला काय, मुलाच्या वाढदिवसाची प्लेट आता सगळीकडे सारखीच झाली आहे: केकचा तुकडा, एक समोसा, मूठभर चिप्स आणि थंड पेयाचा ग्लास. ही प्लेट सात वर्षांच्या मुलासमोर येते तेव्हा तिच्यात नेमके काय असते, याचा हिशेब पालकांनी एकदा तरी मांडायला हवा.

क्रीम लावलेला ८० ग्रॅमचा केक म्हणजे साधारण २९० कॅलरी. मध्यम आकाराचा तळलेला समोसा सुमारे २५०, पंचवीस ग्रॅम चिप्स १३५ आणि २०० मिलीलिटर गोड पेय ९०. बेरीज ७६५ च्या आसपास जाते. शालेय पोषण आहाराच्या निकषानुसार सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला दुपारच्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. या प्लेटमध्ये कॅलरी त्याहून अधिक आहेत, प्रथिने मात्र जेमतेम नऊ-दहा ग्रॅम. सात वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १,७०० कॅलरींची असते. म्हणजे त्यातला पाऊण हिस्सा नव्हे, पण निम्म्याच्या जवळपास वाटा अर्ध्या तासात संपतो, आणि तोही दोन वेळच्या जेवणाखेरीज.

खरा धोका साखरेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार या वयाच्या मुलाने दिवसभरात वरून घातलेली साखर ४२ ग्रॅमच्या आत ठेवावी. केक आणि पेय मिळून ती पन्नाशीच्या घरात जाते. पेयाच्या बाटलीवरचा आकडा १०० मिलीलिटरचा असतो, ग्लासात मात्र त्याच्या दुप्पट ओतले जाते. बेकरीतून सुटा आणलेल्या केकवर तर कसलाच आकडा नसतो. पेयाने पोट भरल्यासारखेही वाटत नाही, म्हणून मूल दुसरा ग्लास सहज मागते.

आमचे पोर तर काटकुळे आहे, असे म्हणून निर्धास्त राहू नये. अशा मुलाचे त्या रात्रीचे वरण-भाकरीचे जेवण हमखास सुटते. पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, २०१९-२१ च्या पाहणीत ते ४.१ टक्क्यांवर गेले. त्याच पाहणीत राज्यातली तिसऱ्या हिश्शाहून अधिक बालके कमी वजनाची निघाली. दोन्ही संकटे एकाच गल्लीत नांदत आहेत.

एका वाढदिवसाने मूल बिघडत नाही. पण वर्गात चाळीस मुले असतील, तर वाढदिवसही चाळीस असतात.

केक बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. तुकडा निम्मा कापा. समोसा ठेवला तर चिप्स काढा. गोड पेयाऐवजी मठ्ठा द्या. सोबत उकडलेल्या शेंगा, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, हिवाळ्यात हुरडा ठेवा. ज्वारीचे वाण तयार करणारे कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. मुख्याध्यापकांनी वर्गात वाढदिवसाला केक आणि पेय न आणण्याची सूचना पुढच्याच पालकसभेत द्यावी. पालकांनी निदान पेयाची बाटली तरी या वाढदिवसापासून बंद करावी.