मोक्षाचा वाद वेगळा, अधिकाराचा वेगळा



आर्यिका माताजी आचार्य का होत नाहीत, असं विचारलं की आपल्या दिगंबर घरांत ठरलेलं उत्तर मिळतं : "स्त्रीपर्यायातून मोक्ष नाही, म्हणून." या उत्तरात दोन प्रश्नांची गाठ मारलेली आहे. ती सोडवायलाच हवी.

आधी शास्त्र पाहू. षट्खंडागमाचं ९३ वं सूत्र मनुष्यिणीच्या गुणस्थानांविषयी आहे. १९३९ साली डॉ. हीरालाल जैन यांनी धवला टीकेचा पहिला भाग अमरावतीहून प्रसिद्ध केला. हाताशी असलेल्या प्रतींत या सूत्रात 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. अर्थ पाहता तो असायला हवा, असं संपादकांनी तळटीपेत नोंदवलं. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांत तो सापडला आणि मोठा वाद पेटला. स्त्री संयत असेल, तर मोक्ष का नाही?

पण विरोधकांची बाजू पोकळ नाही. ही शंका वीरसेनस्वामींनी धवलेत स्वतःच घेतली आहे. त्यांचं उत्तर असं, की वस्त्र आहे तिथे पूर्ण संयम नाही. सूत्रातली मनुष्यिणी भाववेदाने स्त्री आहे, शरीराने नव्हे. हे उत्तर कुणाला पटो न पटो, ते टीकेतच आहे. ते लपवून आपण वाद जिंकू नये.

आता अधिकार. श्वेतांबर स्त्रीमुक्ती मानतात, मल्लिनाथांना स्त्री मानतात. तरीही शंभर वर्षांच्या दीक्षित साध्वीने आज दीक्षा घेतलेल्या साधूला वंदन करावं, हा नियम त्यांच्याकडे आहे. साध्वी चंदनाजींना आचार्यपद मिळायला १९८७ साल उजाडावं लागलं. म्हणजे मोक्ष मान्य केला की गादी आपोआप मिळते, असं नाही.

उलट बाजूनेही तसंच. पंचमकाळात भरतक्षेत्रातून पुरुषालाही मोक्ष नाही, जंबूस्वामी शेवटचे. मग आज आचार्यपदासाठी 'मोक्षाची पात्रता' ही कसोटी लावता येतच नाही. खरी कसोटी महाव्रतांची आहे. आर्यिकांची महाव्रतं उपचाराने मानलेली असल्यामुळे मुनिसंघाचं आचार्यपद त्यांना नाही, असं म्हणणं निदान सुसंगत आहे. मी त्या पदासाठी भांडत नाही.

पण गणिनीपद शास्त्रातच आहे. गणिनी ज्ञानमती माताजींनी दीक्षा दिल्या, षट्खंडागमावर संस्कृत टीका लिहिली. तेव्हा आर्यिकासंघाच्या दीक्षेचा, अभ्यासाचा आणि विहाराचा निर्णय गणिनींच्या हाती असावा. त्याला नग्नत्वाचा मुद्दा आड येत नाही.

आणि मंदिराच्या विश्वस्त मंडळाचं काय? तिथे बसणारे पुरुषही गृहस्थच आहेत, वस्त्रधारीच आहेत. पुढच्या निवडीला कुणी 'शास्त्रात नाही' म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा : कोणत्या ग्रंथात, कोणत्या सूत्रात?